मिनिटाला ७१ शब्द, गोष्टीतले ३ मुद्दे: तिसरीतल्या एका वाचनाचं प्रकरण

पूर्व नागपुरातली मराठी माध्यमाची एक प्राथमिक शाळा. तिसरीच्या वर्गात घरी वऱ्हाडी बोलणारी मुलं आहेत, हिंदी बोलणारी आहेत आणि कामासाठी इथे स्थायिक झालेल्या छत्तीसगढी कुटुंबांतलीही आहेत. प्रश्न यांपैकी एका मुलीचा होता. वाचनाच्या तपासणीत तिचं नाव कायम वरच्या यादीत यायचं. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थासह, असं लक्ष्य आहे आणि ही मुलगी ७० च्या वर होती. तरी परिसर अभ्यासाचा धडा स्वतः वाचून त्यावरच्या प्रश्नांची उत्तरं तिला लिहिता येत नव्हती. तिच्याच बाकावरचा मुलगा अडखळत वाचायचा, म्हणून तो ‘मागे पडलेल्यां’च्या गटात होता. तोंडी उत्तरं मात्र तो बरोबर द्यायचा.

शाळेने वेग मोजला होता. लक्ष्यातला ‘अर्थासह’ हा शब्द कुणी मोजला नव्हता, कारण तो घड्याळात दिसत नाही. म्हणून या दोघांचं वाचन पुन्हा घेतलं. एकच लहान उतारा, त्यावर वेळ लावायची, वाचून झालं की कागद काढून घ्यायचा आणि गोष्ट तोंडी सांगायला लावायची. एका मुलाला चार-पाच मिनिटं लागतात.

उतारा

आधी शाळेकडे तान्हा पोळ्यावरचा उतारा तयार होता. तो बाद केला. नागपुरातल्या मुलाला लाकडी नंदी सजवणं, दारोदार जाणं, बोजारा मिळणं हे सगळं पाठच असतं. ‘पोळा’ एवढा एक शब्द वाचता आला तरी तो पाच वाक्यं सांगू शकतो आणि त्यातलं निम्मं उताऱ्यात नसतं. पुनर्कथनासाठी विषय ओळखीचा हवा, पण घटना नवी हवी. पुढे काय होणार हे वाचल्याशिवाय कळता कामा नये. त्यामुळे ही गोष्ट लिहून घेतली:

> रात्री जोराचा पाऊस आला. सकाळी गौरी गोठ्यात गेली. तिची शेळी जागेवर नव्हती. दावे तुटलेले होते. गौरीने आईला हाक मारली, पण आई नळावर गेली होती. मग ती एकटीच शोधायला निघाली. रस्त्यावरच्या चिखलात शेळीच्या खुरांचे ठसे दिसले. ठशांच्या मागे ती चालत राहिली. पुढे पक्की सडक लागली आणि ठसे संपले. आता कुठे जायचे, तिला समजेना. इतक्यात पिठाच्या गिरणीकडून शेळीचा आवाज आला. गौरी धावत गेली. गिरणीच्या छपराखाली शेळी कोरडी उभी होती. तिच्याजवळ दोन इवलीशी पिल्ले होती. गौरीने पिल्ले उचलून घेतली. शेळी आपोआप मागे चालू लागली.

एकूण ८१ शब्द. शिक्षकाच्या प्रतीवर प्रत्येक ओळीच्या शेवटी तिथपर्यंतची शब्दसंख्या लिहिलेली असते, म्हणजे नंतर बोटाने मोजत बसावं लागत नाही. मुलाच्या प्रतीवर आकडे नसतात, चित्रही नसतं. शेळीचं आणि पिल्लांचं चित्र छापलं तर शेवट फुकट कळतो.

मराठीत शब्द मोजताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. ‘रस्त्यावरच्या’ हा आपल्याकडे एक शब्द झाला, हिंदीत तोच ‘सड़क पर के’ असा तीन शब्दांत सुटतो. म्हणून शेजारच्या हिंदी शाळेतले ६० शब्द आणि इथले ६० शब्द एकाच मापाचे धरता येत नाहीत. मराठीतल्या मराठीतसुद्धा एका उताऱ्यात ‘गेला, आला, घर, पाणी’ आणि दुसऱ्यात ‘छपराखाली, गिरणीकडून’ असे शब्द असतील, तर वेगातला फरक मुलाचा नसून उताऱ्याचा असतो. पुन्हा मोजणी करायची असेल तर जोडीचे उतारे लिहिताना शब्दांबरोबर अक्षरं आणि जोडाक्षरंही साधारण सारखी ठेवावीत.

गोष्टीचे १० मुद्दे वाचन घेण्याआधीच कागदावर पाडून ठेवले: रात्री पाऊस आला, शेळी जागेवर नव्हती, आई नसल्याने गौरी एकटी निघाली, चिखलात ठसे दिसले, ती ठशांमागे गेली, सडकेवर ठसे संपले, शेळीचा आवाज आला, शेळी छपराखाली होती, दोन पिल्लं होती, पिल्लं उचलल्यावर शेळी मागे आली. याशिवाय तीन जोडण्या वेगळ्या लिहिल्या, म्हणजे मुलाने दोन गोष्टींमधलं कारण पकडलं का ते पाहायचं. सडक पक्की म्हणून ठसे संपले, पाऊस होता म्हणून शेळी छपराखाली गेली, पिल्लं गौरीकडे म्हणून शेळी मागे आली. तिन्ही ठिकाणी ‘म्हणून’ उताऱ्यात लिहिलेलं नाही. ते मुलाने जोडायचं.

वाचन कसं घेतलं

वर्गाबाहेर, व्हरांड्याच्या टोकाला, मूल पाठमोरं येईल अशी खुर्ची. फोनचं घड्याळ मांडीवर, मुलाला दिसणार नाही असं. हे क्षुल्लक वाटतं, पण याच शाळेत आधी वाचन घेताना फोन टेबलावर असायचा आणि सूचना असायची, ‘चल, पटापट वाच.’ मूल सांगितलेलंच करतं. या वेळची सूचना ठरवून सगळ्यांना एकसारखी दिली: “ही गोष्ट मोठ्याने वाच. वाचून झाली की मला सांगायची आहे.” या पहिल्या फेरीत वेगाबद्दल एक अक्षरही नाही, घाई करू नको असंही नाही.

पहिला शब्द उच्चारला की घड्याळ सुरू. चुकलेल्या शब्दावर काट आणि वर मुलाने काय वाचलं ते लिहायचं. नुसती काट मारली तर निम्मी माहिती वाया जाते, हे पुढे दिसेलच. स्वतःहून सुधारलं तर शब्द बरोबर, फक्त वर ‘सु’ लिहायचं. तीन सेकंद मूल अडलं तर शब्द सांगायचा आणि तो चूक धरायचा. तोच शब्द पुन्हा चुकला तर पुन्हा चूक. बोलीतला उच्चार चूक नाही. ‘नळावर’चा ‘ळ’ ‘य’सारखा ऐकू आला तरी शब्द बरोबर.

६० सेकंद झाले की त्या शब्दावर उभी रेघ मारायची, पण मुलाला थांबवायचं नाही. पुनर्कथन जोडायचं असेल तर हा नियम मोडून चालत नाही. मिनिटाला थांबवलं, तर ४० शब्द वाचणाऱ्याला शेळी सापडलेलीच नसते. मग त्याचं पुनर्कथन कमी भरतं आणि ‘याला समजत नाही’ असा शेरा पडतो, खरं तर त्याला शेवट वाचायलाच मिळालेला नसतो. वेग रेघेपर्यंतचा, आकलन पूर्ण उताऱ्याचं. तीन मिनिटांची मर्यादा ठेवली. तोवर उतारा संपला नाही तर त्या मुलासाठी तो फार कठीण आहे, मग पुनर्कथन घेतलं तरी त्याला गुण द्यायचे नाहीत.

कागद काढून घेतल्यावर सूचना: “मी ही गोष्ट ऐकलेली नाही असं समज. तुझ्या शब्दांत सगळी सांग. घरी बोलतेस तशी बोललीस तरी चालेल.” मूल थांबलं की पाच सेकंद गप्प राहायचं आणि मग “आणखी काही आठवतं?” एवढंच, जास्तीत जास्त दोनदा. सगळ्यांत जास्त बिघाड इथे होतो. शिक्षकाला राहवत नाही आणि तो विचारतो, “मग शेळी कुठे सापडली?” त्या एका वाक्यात शेळी हरवली होती आणि सापडली, हे दोन्ही सांगून झालेलं असतं. असे प्रश्न विचारायचे असतील तर पुनर्कथन संपल्यावर विचारावेत आणि त्यांची नोंद वेगळी ठेवावी.

पालकांना विचारून आवाज फोनवर नोंदवला. दोन तपासनीसांनी स्वतंत्रपणे गुण दिल्यावर ती नोंद पुसून टाकली.

मुलीचं वाचन

६० व्या सेकंदाला मुलगी ‘गौरीने पिल्ले उचलून घेतली’ या वाक्याच्या शेवटी होती. ७६ शब्दांत ५ चुका, म्हणजे मिनिटाला ७१ बरोबर शब्द. अचूकता ९३ टक्के. शिकवताना साधारण असा आधार धरतात की अचूकता ९५ च्या वर असेल तर मूल तो मजकूर एकट्याने पेलतं, ९० ते ९४ असेल तर मदतीने, आणि ९० च्या खाली मजकूर झेपत नाही. म्हणजे इथेच पहिली खूण होती. वेग लक्ष्याच्या वर, अचूकता मदत लागणाऱ्या पट्ट्यात.

चुका पाहिल्यावर चित्र आणखी स्पष्ट झालं. ‘दावे’चं ‘दाणे’ झालं. ‘ठसे’ दोन्ही वेळा ‘ठोसे’, ‘ठशांच्या’चं ‘ठोशांच्या’. ‘समजेना’चं ‘समजेल’. पाचांपैकी एकही चूक तिने मागे येऊन सुधारली नाही, ‘सु’ एकदाही लिहावं लागलं नाही. ‘आता कुठे जायचे, तिला समजेल’ हे वाक्य कानाला खटकायला हवं, ते खटकलं नाही. पूर्णविरामावरही ती थांबत नव्हती. ‘गौरी गोठ्यात गेली तिची शेळी’ असं एका दमात, मग श्वास, मग ‘जागेवर नव्हती दावे’.

मग पुनर्कथन. जसंच्या तसं: “पाऊस आला. शेळी गेली. मग रस्त्यावर ठोसे मारले.” इथे थांबली. आणखी काही आठवतं असं विचारल्यावर: “दो पिल्ले होते. छोटे-छोटे.” दुसऱ्यांदा विचारल्यावर मान हलवली.

१० पैकी ३ मुद्दे, जोडण्या शून्य.

‘ठोसे मारले’ हे या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं वाक्य. वाचनातली चूक जशीच्या तशी गोष्टीत उतरली होती आणि मुलीने तिच्याभोवती एक मारामारी उभी केली होती. म्हणजे ती अर्थ लावतच नव्हती असं नाही. हातात आलेल्या चुकीच्या शब्दाचा अर्थ लावत होती आणि तो आधीच्या वाक्याशी जुळतो का, हे बघायला थांबत नव्हती. ‘ठसे’ निसटले की गोष्टीचा मधला भाग, म्हणजे चौथा, पाचवा आणि सहावा मुद्दा, एकदम कोसळतो. नुसतं ७१ लिहिलं असतं तर यातलं काहीच हाती लागलं नसतं. नुसतं पुनर्कथन घेतलं असतं तर ठोसे कुठून आले ते कळलं नसतं.

गुण देताना दोघा तपासनीसांचं एका ठिकाणी जमलं नाही. ‘शेळी गेली’ याला दुसरा मुद्दा द्यावा का? एकाचं म्हणणं होतं की ती ‘गेली तिची शेळी’ असं जोडून वाचल्याचा परिणाम आहे, तिला कळलेलं नाही. पण मुलाच्या डोक्यात काय होतं यावर गुण देऊ लागलं की प्रत्येक तपासनीस आपापला न्याय करतो. सांगितलेली गोष्ट लिहिलेल्या मुद्द्याशी जुळते, मुद्दा दिला. शंका शेजारी लिहून ठेवली.

मुलाचं वाचन

बाकावरचा मुलगा ६० सेकंदांत ‘सडक’पर्यंत पोचला. ४३ शब्द, २ चुका, म्हणजे मिनिटाला ४१. ‘रस्त्यावरच्या’चं ‘रस्त्याच्या’ केलं आणि ‘खुरांचे’ सांगावं लागलं. ‘दाणे’ त्यानेही वाचलं होतं, पण ‘दाणे तुटलेले’ म्हणून थबकला, मागे आला आणि ‘दावे’ म्हणाला. अचूकता ९५ टक्के. पूर्ण उताऱ्याला दोन मिनिटांच्या आतबाहेर लागले.

त्याने सांगितलेल्या गोष्टीतला एक तुकडा असा: “तिची बकरी दिसूनच नाही राह्यली. मंग थे एकलीच पाहाले गेली. चिखलात पायाचे ठसे होते... सडक लागली तं ठसेच नाही. मंग गिरणीपाशी आवाज आला. बकरीनं पिल्लं देल्ले होते दोन.” ८ मुद्दे, २ जोडण्या. ‘बकरी’ चालते, ‘पायाचे ठसे’ चालतात, वऱ्हाडी तर चालतेच. इथे तपासायचा आहे अर्थ. ‘पिल्लं दिली’ हे उताऱ्यात कुठेच नाही, ते त्याने काढलं. त्यावर खूण केली.

म्हणजे वेगाच्या यादीत वर असलेली मुलगी आणि खाली असलेला मुलगा आकलनाच्या बाबतीत उलटे बसतात. पण एवढ्यावर निष्कर्ष काढणं घाईचं झालं असतं. मुलीचे ३ मुद्दे तीन वेगवेगळ्या कारणांनी येऊ शकतात: ती धावते म्हणून, तिला मराठीच कमी कळते म्हणून, किंवा कळलेलं तिला सांगता येत नाही म्हणून.

ऐकवून पाहणं

याचा उलगडा करायचा सोपा मार्ग म्हणजे त्याच जातीचा दुसरा उतारा मुलाला वाचून दाखवायचा आणि तशीच गोष्ट सांगायला लावायची. गफ आणि टनमर यांनी १९८६ साली मांडलेल्या सूत्रात वाचून समजणं हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे: लिपी उलगडणं आणि ऐकून समजणं. त्यातला उलगडण्याचा भाग शिक्षकाने उचलला की उरतं ते भाषेचं आकलन.

दुसऱ्या दिवशी बाजारात विसरलेल्या पिशवीची गोष्ट दोघांना ऐकवली. मुलाने १० पैकी ९ मुद्दे सांगितले, मुलीने ५. तिने अर्धं हिंदीत सांगितलं आणि मोकळेपणाने सांगितलं, त्यामुळे सांगता येत नाही ही शक्यता मागे पडली. ऐकूनही ५ च येतात म्हणजे मराठी शब्दांची अडचण खरी आहे. पण वाचून ३ आणि ऐकून ५ हा फरकही उरतोच. तो धावण्यातून येतो की काय, हे पाहायला तिसऱ्या दिवशी सायकलच्या किल्लीची गोष्ट तिला वाचायला दिली. या वेळी सूचना जाणून बदलली: “घाई नाही. वाक्य संपलं की थांब. कळलं नाही तर पुन्हा वाच.”

मिनिटाला ६० शब्द, २ चुका, म्हणजे ५८. तीनदा तिने स्वतः मागे येऊन सुधारलं. पुनर्कथनात ६ मुद्दे.

हा आकडा शाळेच्या तक्त्यात नुसता भरला असता तर मुलगी ‘७१ वरून ५८, लक्ष्याच्या खाली’ अशी दिसली असती आणि तिला पुन्हा वेगाचा सराव लागला असता. खरं तर तिचं वाचन पहिल्यांदा वाचनासारखं झालं होतं. मागे येऊन सुधारायला वेळ लागतो आणि तो वेळ वेगातून कापला जातो. शिवाय आता वाचून ६ आणि ऐकून ५. उतारे तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे एका मुद्द्याचा फरक फरक म्हणून धरायचा नाही. दोन्ही एका पातळीवर आले, एवढंच म्हणायचं. धावणं थांबलं की तिच्या वाचनाला तिच्या मराठीचीच मर्यादा पडते.

पुढे काय केलं

मुलाचं काम सरळ होतं. त्याची भाषा पक्की आहे, लिपी सावकाश उलगडते. प्रत्यय लागलेले लांब शब्द तोडून वाचणं आणि एकच उतारा तीन-चार वेळा मोठ्याने वाचणं. ‘मागे पडलेला’ हा शेरा काढला.

मुलीला वेगाचा सराव पूर्ण बंद केला. रोज दहा मिनिटं, एक परिच्छेद, प्रत्येक वाक्यानंतर मॅडम विचारणार, “काय झालं?” आणि तिने हिंदीत का होईना सांगायचं. नवे मराठी शब्द वाचण्याआधी बोलण्यात आणायचे. ‘ठसे’ समजावायला ओली माती आणि चप्पल पुरेशी होती, फळ्यावर ‘पायाचे निशान’ लिहून ते समजत नाही.

महिन्याभराने नवा उतारा घेतला. ६३ शब्द, ७ मुद्दे, पण तीनपैकी एकच जोडणी. सुट्या घटना ती आता पकडते, कारण अजून निसटतं. वेगातल्या पाच शब्दांच्या वाढीला काही अर्थ देऊ नये, तेवढा चढउतार एका उताऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना होतोच. मोठा निर्णय घ्यायचा असेल तर तीन उतारे वाचायला देऊन मधला आकडा धरावा.

हे सगळं पूर्ण वर्गाला लावताना दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे गोष्ट फुटते. पाचवं मूल व्हरांड्यातून परत येईपर्यंत वर्गात ‘शेळीला पिल्लं झाली’ ही बातमी पोचलेली असते आणि त्यानंतरच्या मुलांची पुनर्कथनं संशयास्पद चांगली येतात. तीन जोड उतारे आलटून पालटून द्यावेत. दुसरी वेळेची. ऐकवून पाहण्याची पायरी सगळ्यांना लावू नये. वेग आणि मुद्दे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणजे वेग चांगला आणि मुद्दे ४ किंवा कमी, अशाच मुलांना ती लावावी. वर्गात अशी मुलं मोजकी निघतात आणि वेगाच्या तक्त्यात ती सगळी ‘लक्ष्य गाठले’ या रकान्यात बसलेली असतात.

या मुलीच्या कार्डावर आता दोन आकडे शेजारी लिहितात, ६३ / ७, आणि खाली तिसरी ओळ: ‘का झालं, हे विचारत राहणे.’